डाळ मिलच्या हिशोबाच्या नोंदी: सोळा टक्के की खात्रीची रक्कम?

३ जून २०२४

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशोब मी बघते. संचालक मंडळाने तूरडाळ मिल टाकायचं ठरवत आणलंय. माल आपण विकत घ्यायचा नाही. सभासदांची आणि आजूबाजूच्या व्यापाऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्यायची, म्हणजे तुरीच्या भावातल्या चढउताराचा भार आपल्यावर येत नाही. शेड, मशीन, वीजजोडणी आणि बारा वर्षांच्या भाडेपट्ट्याची एकरकमी रक्कम धरून खर्च ३८ लाख. पैसा सभासदांच्या भागभांडवलातला. आयकर आणि अनुदान मी सध्या बाजूला ठेवलंय.

प्रकल्प अहवाल एका सल्लागाराकडून करून घेतला होता. त्यात तिसऱ्या वर्षापासून दरसाल १३ लाख निव्वळ शिल्लक दाखवलीय आणि १६ टक्के दराने वर्तमान मूल्य, म्हणजे पुढच्या सगळ्या रकमांची आजची किंमत, काढलंय. १६ कुठून आले असं विचारलं, तर उत्तर मिळालं, "कर्जाचा दर अकरा, त्यावर धोक्याचे पाच." हे पाच कशावरून, ते कुणालाच सांगता आलं नाही. इथून पुढचं काम ह्या पाचाचा माग काढण्याचं आहे. अशीच मिल, गोदाम किंवा शीतगृह टाकायच्या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून चुकांसकट लिहून ठेवते.

१० जून

पहिली दुरुस्ती दराची नव्हती, १३ लाखांची होती. हा आकडा सगळं सुरळीत चाललं तरचा आहे. कुठलीही पद्धत वापरा, तक्त्यात लिहायची रक्कम सरासरी अपेक्षेची हवी, स्वप्नातली नको. वाईट शक्यता आकड्यात धरायच्याच नाहीत आणि मग दर चढवून त्याची भरपाई करायची, ह्या सवयीमुळे पुढचं सगळं गढूळ होतं.

दोन संचालकांसोबत बसून तीन अवस्था ठरवल्या. सभासदांनी साथ दिली आणि डाळीचा उतारा चांगला बसला तर वर्षाला १३ लाख. दहात पाच वेळा असं होईल. मिल अर्धवट चालली तर ८ लाख, दहात चार वेळा. चाललीच नाही आणि शेड भाड्याने द्यावी लागली तर ३ लाख, दहात एक वेळा. गुणून सरासरी नेमकी १० लाख येते. पहिल्या वर्षी बसवणं आणि चाचणी यातच अर्धा हंगाम जाईल, म्हणून तिथे ६. दुसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंत १०. मशीनचं आयुष्य आठ वर्षं धरलंय.

१६ टक्क्यांनी वर्तमान मूल्य ३९.९९ लाख. ३८ वजा केले की १.९९ लाख शिल्लक. म्हणजे काठावर पास.

१९ जून

दुसरी पद्धत अशी: प्रत्येक वर्षाच्या धोक्याच्या रकमेऐवजी तितक्याच मोलाची खात्रीची रक्कम ठरवायची आणि ती बिनधोक दराने आजच्या किमतीत आणायची. खात्रीच्या रकमेला सरासरी रकमेने भागलं की खात्री-गुणक मिळतो. धोक्याची वजावट रकमेतच होऊन जाते, दरात फक्त वेळेची किंमत राहते. बिनधोक दर मी ७ टक्के घेतला, कारण दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा सध्या त्याच आसपास आहे.

खात्रीची रक्कम आणायची कुठून? तूर-सोयाबीनचा वायदे बाजार चालू असता तर पुढच्या तारखेचा भाव हाच तयार उत्तर ठरला असता. तुरीचे वायदे २००७ पासून बंद आहेत, सोयाबीनचे डिसेंबर २०२१ पासून. आणि आमचा मुख्य धोका भावाचा नाहीच, मिलमध्ये किती क्विंटल तूर येईल याचा आहे. त्याला बाजारभाव नसतो. तेव्हा ज्यांचा पैसा आहे त्यांनाच विचारणं भाग होतं.

आजच्या बैठकीत विचारलं आणि फसलं. मी विचारलं, "तुम्हाला यात किती टक्के धोका वाटतो?" संचालकांतले नाना म्हणाले वीस, आणि मग सगळे वीसच म्हणाले. प्रश्नही चुकला, विचारायची जागाही चुकली. धोक्याचा टक्का कुणी मनात बाळगून हिंडत नसतं, आणि नानांसमोर कुणी वेगळं बोलणार नव्हतं.

२७ जून

ह्या वेळी सातही संचालकांना वेगवेगळं गाठलं, कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि प्रश्न रुपयात विचारला: "तिसऱ्या वर्षी मिलमधून १३, ८ किंवा ३ लाख येतील, सरासरी १०. त्याऐवजी त्या वर्षीच्या ३१ मार्चला कंपनीच्या खात्यात ठरलेली रक्कम नक्की जमा होणार असेल, पाऊस पडो न पडो, तर किती रकमेला तुम्ही मिलचं ते वर्ष सोडून द्याल?"

सात चिठ्ठ्या आल्या: ५.५, ६, ६.५, ७, ७, ८, ८.५ लाख. मधला आकडा ७. साडेआठ नानांचे, त्यांना विहिरीचं पाणी आहे, ऊस आहे. साडेपाच लिहिणाऱ्या मावशींकडे दोन एकर कोरडवाहू. चिठ्ठी देताना त्या म्हणाल्या, "ज्या साली पाऊस नसतो त्या साली माझ्या रानातबी काही नसतं आन् तुमच्या मिलमधीबी काही नसणार. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तवा दोन्हीकडून हात रिकामेच असते की."

धोक्याची वजावट का करायची, याचं इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलं नव्हतं. मिलची आवक पडते ती नेमकी घरात पैसा नसतो त्याच वर्षी. मुंबईतल्या एखाद्या गुंतवणूक निधीने हीच मिल घेतली असती, तर लातूरचा दुष्काळ त्याच्या शंभर धंद्यांत विरघळला असता आणि त्याची खात्रीची रक्कम दहाच्या पुष्कळ जवळ गेली असती. आमच्या सभासदांचं रान, घर आणि मिल एकाच ढगाखाली आहे.

पहिल्या, दुसऱ्या आणि आठव्या वर्षासाठीही हाच प्रश्न विचारला. मधल्या आकड्यांवरून निघालेले गुणक: पहिलं वर्ष ०.८०, दुसरं ०.७२, तिसरं ०.७०, आठवंही ०.७०. तिसऱ्यापासून सपाट. हा सपाटपणा तेव्हा मी फारसा मनावर घेतला नाही.

२ जुलै

गुणक लावलेल्या रकमा तक्त्यात भरल्या: ४.८, ७.२, मग सहा वर्षं ७. वर्तमान मूल्य २८.६६ लाख. म्हणजे ३८ लाखांवर ९.३४ लाखांचा तोटा. अध्यक्षांना फोन करून सांगितलं, आबा, हे जमणार नाही. मशीनवाल्याला थांबायला सांगितलं.

१३ जुलै

दहा दिवस वाया गेले, आणि चूक माझी होती. जुन्याच तक्त्यात रकमा बदलल्या, पण दराच्या खान्यात १६ तसेच राहिले. रकमेतून धोका वजा झाला आणि दरातून पुन्हा एकदा झाला. खात्रीच्या रकमेला बिनधोक दरच लावायचा, दुसरा कुठलाच नाही. ही चूक ओळखायची एक सोपी चाचणी आता तक्त्यात घालून ठेवलीय: सगळे गुणक १ करून बघायचे. उरलेलं मूल्य साध्या मुदत ठेवीच्या हिशोबाने यायला हवं. तसं आलं नाही तर दरात कुठेतरी धोका अजून दडून बसलाय.

७ टक्के लावल्यावर वर्तमान मूल्य ३९.९२ लाख. १६ टक्क्यांच्या पद्धतीने ३९.९९ आलं होतं. फरक सात हजारांचा. दोन वेगळ्या वाटांनी एकाच गावाला पोचलो असं वाटून मी त्या रात्री आबांना संदेश पाठवला की हिशोब दोन्हीकडून जुळला, पुढे जाऊ. हा संदेश पाठवायला नको होता.

१६ जुलै

मशीनवाल्याने दुसरा पर्याय दिला. जाड पत्र्याचं, जड बांध्याचं, चांगल्या एमरी रोलांचं मशीन, दहा लाख जास्त, पण आठऐवजी बारा वर्षं चालेल. प्रश्न एवढाच की नवव्या ते बाराव्या वर्षाच्या दरसाल १० लाखांची आजची किंमत दहा लाखांपेक्षा जास्त आहे का.

१६ टक्क्यांनी ती ८.५४ लाख. नको. खात्रीच्या रकमेने (आठव्या वर्षाचाच गुणक पुढे धरून दरसाल ७ लाख, ७ टक्क्यांनी) १३.८० लाख. घ्या.

तीन दिवसांपूर्वी सात हजारांच्या फरकाने जुळलेल्या दोन पद्धती एकाच मशीनबद्दल सव्वापाच लाखांनी वेगळं बोलत होत्या. म्हणजे त्या जुळल्याच नव्हत्या. बेरीज जुळली होती, आणि बेरीज जुळणं हा योगायोग होता.

मग दोन्हींची वर्षावार तुलना केली. १६ टक्के दर वापरतो तेव्हा आपण नकळत दरवर्षी एक खात्री-गुणक लावत असतो. तो म्हणजे १.०७ भागिले १.१६, आणि त्याचा जितकं वर्ष तितका घात.

| वर्ष | १६ टक्क्यांत दडलेला गुणक | चिठ्ठ्यांमधला गुणक |
|---|---|---|
| १ | ०.९२ | ०.८० |
| २ | ०.८५ | ०.७२ |
| ३ | ०.७८ | ०.७० |
| ५ | ०.६७ | ०.७० |
| ८ | ०.५२ | ०.७० |
| १२ | ०.३८ | ०.७० |

पहिली चार वर्षं १६ टक्के फार सौम्य आहेत आणि पाचव्यापासून फार कठोर. आठ वर्षांत इकडची सूट आणि तिकडचा दंड एकमेकांत फिटले म्हणून बेरीज जुळली. बारा वर्षांवर गेलो की फक्त दंडच वाढत जातो. बाराव्या वर्षाच्या १० लाखांबद्दल सोळा टक्के म्हणतात की ते खात्रीच्या ३ लाख ८० हजारांइतकेच मोलाचे आहेत. आमच्या सातांपैकी एकानेही असा आकडा लिहिलेला नाही.

कोणत्याही आठ खात्रीच्या रकमा घ्या, त्यांची एकूण किंमत जुळवणारा एखादा एकच दर पुष्कळदा सापडतोच. म्हणून एकूण बेरजेचा मेळ हा पुरावा नाही. दोन्ही पद्धती खऱ्या अर्थाने जुळायच्या तर प्रत्येक वर्षाचा गुणक वेगवेगळा जुळला पाहिजे, म्हणजे गुणक दरवर्षी एकाच पटीने खाली उतरला पाहिजे. ही गोष्ट रोबिचेक आणि मायर्स यांनी १९६६ सालीच मांडून ठेवलीय: स्थिर दर वापरणं म्हणजे धोका काळाबरोबर एकसारखा साचत जातो असं गृहीत धरणं.

२९ जुलै

दोन आठवडे ह्याच एका प्रश्नात गेले: आमच्या मिलचा धोका साचत जाणारा आहे की एकदाच येऊन जाणारा?

मुख्य धोका सभासद तूर घेऊन येतील का हा. त्यांना वर्षानुवर्षं बाजार समितीत थेट आडतीवर माल टाकायची सवय आहे. पहिल्या दोन हंगामांत ती मोडली तर मोडली, नाहीतर मिल अर्धवटच चालणार. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी हे कळून चुकेल. तो धोका तिसऱ्या वर्षाच्या रकमेवर जितका आहे तितकाच बाराव्या वर्षाच्या रकमेवर आहे. तो दरवर्षी नव्याने येत नाही. म्हणून गुणक सपाट.

पावसाचं काय? पाऊस दरवर्षी वेगळा. पण चौथ्या वर्षी पाऊस पडला नाही म्हणून बाराव्या वर्षीचा पाऊस कमी होत नाही. एका सालच्या पावसाची अनिश्चितता तिसऱ्या वर्षीही तेवढीच आणि बाराव्या वर्षीही तेवढीच. ती गुणक खाली ठेवते, पण तो उतरता करत नाही. इथे मी स्वतः बरेच दिवस गोंधळले होते: धोका दरवर्षी आहे, म्हणजे तो साचतोच असं मला वाटत होतं.

मग साचणारं काही आहे की नाही? आहे. आमच्याकडे तुरीच्या जागी सोयाबीन येत चाललंय. एकदा शेतकऱ्याने तुरीच्या ओळी सोडून सलग सोयाबीन घ्यायला सुरुवात केली की पुढचं वर्ष तिथूनच सुरू होतं. ह्या वर्षीची घट पुढच्या सगळ्या वर्षांना चिकटते. हा खरा साचणारा धोका, आणि चिठ्ठ्यांमध्ये तो आलाच नव्हता, कारण माझ्या प्रश्नात फक्त पावसाचं नाव होतं. सातही जणांना पुन्हा गाठून बाराव्या वर्षाबद्दल विचारलं, ह्या वेळी सोयाबीनची आठवण करून देऊन. मधला आकडा ७ वरून ५.८ लाखांवर आला. म्हणजे तिसऱ्या वर्षानंतर गुणक दरसाल साधारण २ टक्क्यांनी उतरतो: ०.७०, ०.६८६, ०.६७२ असा. त्याप्रमाणे तक्ता बदलला. आठ वर्षांचं मूल्य ३९.९२ वरून ३८.६१ लाखांवर आलं, आणि शेवटच्या चार वर्षांचं १३.८० वरून ११.८८ वर. दहा लाखांपेक्षा अजूनही जास्त.

आता गुणकांवरून उलट प्रत्येक वर्षाचा दर काढता येतो. तक्त्यात `B1` मध्ये बिनधोक दर, `E` स्तंभात गुणक आणि `E4` मध्ये शून्याव्या वर्षाचा १. मग पहिल्या वर्षाच्या ओळीत:

```
=(1+$B$1)*E4/E5-1
```

खाली ओढलं की आमच्या मिलचे दर असे येतात: पहिल्या वर्षी ३३.७५ टक्के, दुसऱ्या वर्षी १८.९, तिसऱ्या वर्षी १०.१ आणि चौथ्यापासून पुढे ९.२. हे दर एकामागून एक लावले तर धोक्याच्या दराची पद्धत आणि खात्रीच्या रकमेची पद्धत पैशापर्यंत जुळतात, दरवर्षी जुळतात. म्हणजे भांडण दोन पद्धतींचं नव्हतं. बारा वर्षांना एकच दर लावण्याच्या सवयीचं होतं. सल्लागाराचे पाच टक्के कर्जाच्या अकरावर होते, बिनधोक सातावर ते नऊ होतात, आणि हे नऊ पहिल्या वर्षासाठी फारच थोडे आणि चौथ्यापासून चौपटीहून जास्त निघाले.

ज्या धंद्यात पहिल्या वर्षापासून सोयाबीनसारखाच साचणारा धोका आहे, त्यात एका दराने बिनधास्त हिशोब करावा. चालू असलेल्या, बस्तान बसलेल्या मिलची किंमत काढायची असती तर मीही ९.२ टक्के लावून मोकळी झाले असते.

८ ऑगस्ट

भाडेपट्ट्याचा मसुदा पुन्हा वाचला. बारा वर्षांनी जमीन मालकाला लागवडयोग्य करून परत द्यायची: पाया उखडायचा, मलबा हलवायचा, वर काळी माती टाकायची. मशीन आठव्या वर्षी थांबलं तरी ही तारीख बदलत नाही. प्रकल्प अहवालात हा खर्च नव्हता आणि माझ्याही तक्त्यात नव्हता. जेसीबी आणि मातीचे भाव विचारून सरासरी ४ लाख धरले.

१६ टक्क्यांनी ह्या ४ लाखांची आजची किंमत ६७ हजार. खर्चाचा अंदाज कच्चा आहे, माती किती लांबून आणावी लागेल ते माहीत नाही, म्हणून सहकारी म्हणाला, "ताई, ह्याला दर थोडा जास्त लावू, वीस टक्के." लावून पाहिलं. किंमत ४५ हजारांवर उतरली.

दोघेही आकड्याकडे बघत बसलो. खर्च जितका अनिश्चित तितका दर जास्त, आणि दर जितका जास्त तितका खर्च स्वस्त. म्हणजे आपल्या माथी काय पडेल ते माहीत नसणं ही गोष्ट फायद्याची ठरते. मिळकतीत चढा दर दंड करतो. खर्चात तोच चढा दर सूट देतो.

खात्रीच्या रकमेने विचारलं तर घोटाळा होतच नाही. प्रश्न असा: "बाराव्या वर्षी हे काम नक्की इतक्यात करून देतो असं कंत्राटदार आज लिहून देत असेल, तर जास्तीत जास्त किती देऊ?" उत्तर ४ पेक्षा कमी येऊच शकत नव्हतं. मधला आकडा ४.८ लाख आला. इथे गुणक एकाहून मोठा आहे, १.२. सात टक्क्यांनी आजची किंमत २.१३ लाख, म्हणजे ६७ हजारांच्या तिप्पट. (मिळकत चांगली असलेल्या वर्षीच हा खर्च वाढत असता तर गोष्ट वेगळी होती, पण आमच्या बाबतीत तसं काही दिसत नाही.)

एकाच वर्षी मिळकतीला वेगळा गुणक आणि खर्चाला वेगळा. दोन्हींची वजाबाकी आधी करून मग एक दर लावला, की हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आता तक्त्यात खर्चाच्या ओळी वेगळ्या ठेवल्यात.

२० ऑगस्ट

सगळं एकत्र मांडलं. १६ टक्क्यांच्या हिशोबात आठ वर्षांचं मशीन १.३१ लाख फायद्याचं, बारा वर्षांचं १५ हजार तोट्याचं. खात्रीच्या रकमेच्या हिशोबात आठ वर्षांचं १.५२ लाख तोट्याचं, बारा वर्षांचं ३६ हजार फायद्याचं. निकाल पूर्ण उलटा.

पण ह्या ३६ हजारांवर मी सभासदांचे ४८ लाख लावा असं म्हणणार नाही. ०.७० चे ०.६९ करून बघितलं तर मूल्य ५७ हजारांनी खाली येतं आणि फायदा संपतो. सात चिठ्ठ्यांच्या मध्यावरून काढलेला गुणक शंभरातल्या एका भागापर्यंत अचूक असेल असा दावा कुणी करू नये. बैठकीत हे असंच सांगितलं. नानांना आवडलं नाही, "तीन महिने लावून उत्तर काठावरच?" असं म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. पण काठ कुठल्या बाजूला आहे ते आता माहीत झालंय: सगळं मोल पहिल्या दोन हंगामांत अडकलंय. तेवढं सैल करता आलं तर पुढची दहा वर्षं वर उचलली जातात. एकाच दराच्या तक्त्यात हे दिसलंच नसतं.

५ सप्टेंबर

आबांनी लातूरच्या एका डाळ व्यापाऱ्याशी बोलणी केली. पहिले दोन हंगाम तो दर हंगामाला किमान ३,००० क्विंटल तूर आपल्याकडे भरडायला देईल, मजुरी आगाऊ भरेल. बदल्यात तेवढ्या मालावर क्विंटलमागे ३० रुपये कमी घ्यायचे. आपल्या हातात क्विंटलला खर्च जाऊन साधारण २०० उरतात, ते १७० होतील. दोन वर्षांत १ लाख ८० हजार सोडून द्यायचे.

आगाऊ भरणा ह्या दोन शब्दांवर मी अडून बसले. नुसता शब्द दिला असता तर ती खात्रीची रक्कम झाली नसती. व्यापाऱ्याने शब्द फिरवण्याचा धोका त्यात आला असता आणि ७ टक्के दर लावता आला नसता.

पहिल्या वर्षी आता ५.१ लाख नक्की. आधीची खात्रीची रक्कम ४.८ होती. दुसऱ्या वर्षी ५.१ नक्की, आणि उरलेल्या २,००० क्विंटलच्या अपेक्षित ४ लाखांपैकी खात्रीचे २.४, मिळून ७.५, आधी ७.२ होते. सवलत देऊनही दोन्ही वर्षं सुधारली. मग तिसऱ्या वर्षासाठी पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या, जुने आकडे न दाखवता. मिल दोन हंगाम नक्की चालणार, उतारा लोकांना डोळ्यांनी दिसणार, हे कळल्यावर मधला आकडा ७.४ आला. मावशींनी ५.५ चे ६.५ केले. नानांनी साडेआठ तसेच ठेवले.

बारा वर्षांच्या मशीनचं निव्वळ मूल्य ३६ हजारांवरून ३.१७ लाखांवर गेलं. ह्या वाढीतले सव्वादोन लाखांहून जास्त तिसऱ्या वर्षापासूनचे आहेत, जिथे व्यापाऱ्याचा करार पोचतही नाही. गुणक ०.७४ वरून ०.७० केला तरी फायदा शिल्लक राहतो. ही जागा असेल तरच पुढे जायचं, असं मी आधीच ठरवलं होतं.

जुन्या पद्धतीने तपासलं: १६ टक्क्यांच्या तक्त्यात ह्या कराराने मूल्य घटतं, कारण त्याला फक्त सोडून दिलेले १ लाख ८० हजार दिसतात. दर १६ चा किती करायचा ते ठरवायला त्या तक्त्यात जागाच नाही.

१९ सप्टेंबर

मंडळाने सहा विरुद्ध एक मताने बारा वर्षांचं मशीन घ्यायचा ठराव केला. विरोधातलं मत मावशींचं. साडेसहा लाखांवर त्यांचा स्वतःचा हिशोब तोट्यातच जातो, आणि तो बरोबर आहे. मधला आकडा घेतल्याने खालच्या तिघांचा आवाज कमी झाला, हे इतिवृत्तात लिहायला लावलं. ज्यांना आपलं भागभांडवल ह्या प्रकल्पात नको त्यांनी ते मार्चपर्यंत काढून घ्यावं, अशी सोय ठरावात घातली.

खर्चाची नोंद: सल्लागाराची फी सोडून ह्या हिशोबासाठी पैसा फारसा गेला नाही, साडेतीन महिने गेले, त्यातले दहा दिवस दोनदा वजा केलेल्या धोक्यात. व्यापाऱ्याचा पहिला आगाऊ हप्ता आज खात्यात जमा झाला. मशीनला आगाऊ रक्कम उद्या. शेडच्या पायाची खोली मात्र कंत्राटदाराला दीड फूट कमी करायला सांगितलीय. एवढ्या मशीनला तेवढा पाया पुरतो असं मशीनवाल्याने लिहून दिलंय, आणि बाराव्या वर्षी तो उखडायचा आपल्यालाच आहे.